नळ्यांना हात लावू नका

संध्याकाळी फाटकाची कडी वाजण्याआधी आवाज यायचा, "वकील, चहा ठेव रे." भल्या मोठ्या, फाटक्या गळ्याचा आवाज. मोटार चालू असताना शेतात ओरडून ओरडून तो तसा झाला होता. मित्र शेतकरी, तापीकाठचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मी काळा कोट घातला, त्याने पपई लावली. बायको गेल्यावर माझ्या घरात बोलणारं दुसरं कोणी उरलं नाही. मुलगी परगावी, फोनवर बरी असते. तेव्हा संध्याकाळचा तो आवाज हीच माझी करमणूक होती, आणि खरं सांगायचं तर तोच माझा संसार होता.

मी तिरसट माणूस आहे, सगळ्या बाररूमला ठाऊक आहे. फक्त त्याच्यापुढे मी गप्प बसून ऐकत असे.

एका होळीनंतर तो आला तो चहा पिण्याऐवजी कप फिरवत बसला. त्याच्या शेजाऱ्याची पपईची बाग भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या दिवसांत कोणीतरी कापून टाकली होती. या शेजाऱ्याशी त्याचं पाइपलाइनवरून वाकडं होतं. शेजारी आपल्या रानातून पाइप जाऊ देत नव्हता आणि मित्राची बाग उन्हाळ्यात करपायची. बाग राखायला धडगावकडचा एक जण होता. पण होळीआधी भोंगऱ्या बाजार लागला की डोंगरातला माणूस इथे थांबत नाही, घरी जातोच. बाग उघडी पडली. सकाळी शेजारी पाहायला गेला तर झाडं आडवी, आणि ठिबकच्या नळ्या मात्र नीट उचलून बांधावर ठेवलेल्या.

झाड कापणाऱ्याला नळ्यांची काय कदर? ठिबकच्या नळीवर कोयता चालवायला ज्याचं मन धजत नाही, तो शेतकरीच असणार.

"वकील, एक सांग," तो म्हणाला. "एखादानी दुसराले काही सांगं. दुसरानी त्या कामले तिसरा लावा. पहिलानी तिसराले देखेल बी नही, त्यानं नावबी माहीत नही. मंग पहिलाना काय गुन्हा?"

वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं. म्हणून इथे मी तेवढंच लिहितो आहे, जे पुढे कोर्टाच्या कागदांत आलं किंवा ज्याचा खटल्याशी संबंध नाही. पण त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं ते कायद्याच्या पुस्तकात कोणालाही वाचता येतं.

मी म्हणालो, "रागाच्या भरात 'याची बाग जळो' म्हटलं, तर तो कट होत नाही. पण कोणाशी बसून ठरवलं, की हे काम करायचं, कोणीतरी माणूस लावायचा, आणि त्या ठरण्यातूनच काम झालं, तर करणाऱ्याला भेटायची गरज नाही. गावजेवणात वांगी चिरणारा आणि वाढणारा एकमेकांना कुठे भेटतात? पंगत एकच असते. कायदा पंगत बघतो. चिथावणीची शिक्षाही मूळ गुन्ह्याइतकीच लागू शकते."

त्याचा चेहरा पडला. मग लाल झाला.

"मी तठे व्हतू का? मी त्याले वळखत नही. काय म्हनस तू!"

"तू नव्हतास, हे मान्य. त्यानं सुटका होत नाही, एवढंच सांगतो. शेजाऱ्याकडे जा. हात जोड, नुकसान भरून दे. आत्ता तो ऐकेल. चार्जशीट लागल्यावर दोघेही ताठ व्हाल."

"तू मन्हा दोस्त शे का फौजदारना?"

"दोस्त आहे, म्हणून गोड बोलत नाही."

तो उठला. कप तसाच भरलेला राहिला. फाटकाची कडी त्याने लावली नाही, मीही बराच वेळ उठून लावली नाही.

त्याने दुसरा वकील केला. त्या तरुण वकिलाने त्याला नेमकं ऐकायचं होतं तेच ऐकवलं: त्याची आणि झाडं कापणाऱ्याची भेट नाही, फोन नाही, ओळख नाही, तर केस उभीच राहत नाही. मित्राला धीर आला. शेजाऱ्याकडे जायचा विषय संपला. बाजारात तो मला दिसला की रस्ता बदलायचा. मला राग यायचा, आणि घरी आल्यावर राग मावळून नुसतं एकटं वाटायचं. संध्याकाळी मी सवयीने दोन कप काढायचो. एक परत ठेवताना स्वतःचीच चीड यायची.

पोलिसांनी माणूस पकडला तो विसरवाडीकडचा, हायवेवर मालगाड्या भरणारा मजूर. त्याला लावणारा होता एक मुकादम, जो आमच्या भागात पपई तोडणीला टोळ्या पुरवायचा. मुकादमाच्या फोनवर मित्राचा बोलून पाठवलेला निरोप निघाला. मुकादमाने आळस केला होता. स्वतःच्या तोंडाने सांगण्याऐवजी तो निरोप जसाच्या तसा मजुराला पुढे ढकलला होता. राखणदार कधी जाईल, ते त्यात होतं. आणि शेवटी होतं, "नळ्यासले हात लावू नका. उचलीसन बांधवर ठेवा."

दुसऱ्याची बाग कापायला लावणारा माणूस दुसऱ्याच्या ठिबकची काळजी करत होता! असला मूर्खपणा फक्त आमचा शेतकरीच करू शकतो. चार्जशीटमधला तो उतारा मी बाररूममध्ये वाचला आणि मला हसू आलं, मग डोळे भरून आले. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्याच्या वकिलाने दोषमुक्तीचा अर्ज केला. भेट नाही, हाच मुद्दा. कोर्टाने अर्ज फेटाळला. आवाज त्याचाच आहे का, हे आवाजाच्या नमुन्यावरून आणि पुराव्यातून पुढे ठरेल, पण कटातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला भेटलंच पाहिजे असं नाही, एवढं आदेशात स्पष्ट होतं. माझंच म्हणणं खरं ठरलं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

आरोप ठेवायची तारीख होती त्या दिवशी माझं दुसरं दिवाणी काम त्याच कोर्टात होतं. मी वकिलांच्या खुर्च्यांत बसलो होतो. पिंजऱ्यात तिघे उभे: मुकादम मध्ये, त्याच्या एका बाजूला माझा मित्र, दुसऱ्या बाजूला तो मजूर, किडकिडीत, नव्या सदऱ्यात. मित्र आणि तो मजूर पहिल्यांदाच एका जागी आले होते. मजूर त्याला नमस्कारसुद्धा करेना, कारण हा कोण हे त्याला कळलंच नव्हतं.

न्यायाधीशसाहेबांनी आरोप वाचून समजावला आणि मित्राला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल नही, साहेब," मित्र म्हणाला. आणि वकिलाने गप्प राहायला सांगितलेलं विसरून मोठ्याने पुढे बोलला, "मी या मानूसले आजलगून देखेल बी नही!"

मजुराने झटकन मान वळवली. मुकादमाच्या खांद्यावरून वाकून त्याने मित्राचं तोंड नीट पाहिलं.

"हाऊच," तो हळूच म्हणाला, जणू बाजारात ओळखीचं कोणी भेटावं. "नळ्यासवाला. हाऊच आवाज शे."

साहेबांनी त्याला गप्प केलं. मित्राचा वकील कपाळाला हात लावून खाली बसला. शपथेवरचं नव्हतं ते, पुरावा म्हणून त्याचं काय व्हायचं ते पुढे होईल. पण मित्राच्या चेहऱ्यावरचा सगळा जोर उतरलेला मी पाहिला. ज्याला कधी भेटलो नाही म्हणून तो इतके दिवस छाती काढून फिरत होता, तो माणूस त्याला ओळखत होता.

मुकादम सोडला तर त्या खोलीत तो आवाज डोळे मिटूनही ओळखणारे दोघेच होतो, एक तो मजूर आणि एक मी. मित्राने मजुराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.