मोजपट्टीच्या व्हिडिओतला नंबर

माझं औषधांचं दुकान आहे आणि माझा स्वभाव दुकानाला शोभणारा नाही, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलंय. बायकोचं म्हणणं, मी गोळ्या देतो आणि डोकेदुखीही देतो. असू दे. पण एका बाईचे उपकार मानायचे तर ते नीट मानावेत, म्हणून हे लिहायला बसलो.

तिला आम्ही मोजपट्टी म्हणतो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत ती आणि तिची शाळकरी मुलगी राहतात. पूर्वी ती एका छापखान्यात डिझाइन करायची. तो बंद पडला तेव्हा घरी बसून सुटी कामं घ्यायला लागली: कुणाची पत्रिका, कुणाचा फलक. पर्समध्ये लोखंडी मोजपट्टी कायम. बोलता बोलता समोरची बिस्किटाची पुडी उचलून मोजायची आणि म्हणायची, "दादा, ही अक्षरं डावीकडे सरकलीत बघा." मी म्हणायचो, "बिस्किट सरळ आहे ना? मग झालं."

तिचं माझ्याकडचं काम म्हणजे गोळ्यांची पाकिटं. आधी मी पांढऱ्या पाकिटावर पेनाने "१-०-१" लिहून द्यायचो. माझं अक्षर असं, की पेशंट ते घेऊन परत मलाच विचारायला यायचे. आणि सगळ्यात जास्त विचारायची आमची आई. तिला लिहिता-वाचता येत नाही. सकाळ-संध्याकाळ पाकीट घेऊन काउंटरशी उभी, "ही कधीची रे?" आणि मी गिऱ्हाईक सोडून सांगायचो, कधी प्रेमाने, कधी तोंड वाकडं करून.

मोजपट्टीने पाकिटावर चित्रं काढली. सकाळला उगवता सूर्य, दुपारला डोक्यावरचा. रात्रीला चंद्रकोर होती, पण आईने विचारलं, "ही काकडीची फोड कशाला?" मग चंद्र गेला आणि खाट आली. जेवणाआधीच्या गोळीसाठी तिने भरलेलं ताट काढलं होतं. आई म्हणाली, "भरलेलं म्हणजे जेवायला बसायच्या आधी, का पोट भरल्यावर?" मला तर हसूच आलं, पण ही बाई हसली नाही. खाली मांडी घालून बसली आणि आईला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी ठरलं, आधी गोळी, मग बाण, मग ताट. नंतरच्यासाठी आधी ताट, मग बाण, मग गोळी. मी फक्त चौकोनात खूण करायची. ती पाकिटं आल्यापासून आई काउंटरशी यायची बंद झाली.

पण चांगलं काम केलं म्हणून पुढचं काम चालत दारी येत नाही. यंदा मोजपट्टीकडे कामं आटली. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली, दिवसभर सवलतींचे फलक बनवायची. शनिवारपर्यंत कळवा म्हणाले. मुलीची शाळा अर्ध्यावर, म्हणजे तिला बहिणीकडे ठेवून मोजपट्टीने एकटीने जायचं. "मी एक शेवटचा प्रयत्न करते," ती म्हणाली. "एक छोटा व्हिडिओ टाकते. शनिवारपर्यंत कुणी विचारलं तर राहीन, नाहीतर जाईन."

तिने आधी त्यात डझनभर कामं कोंबली होती. आमच्या हिने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे पाहून माझे डोळे फिरले. एकच दाखव. पाकीट दाखव." ही घरात माझ्याशी जसं बोलते तसंच बाहेरही बोलते, त्यामुळे लोक तिचं ऐकतात.

व्हिडिओ आमच्याच दुकानात निघाला. मोजपट्टीने रीतसर माझी परवानगी घेतली, कुणा पेशंटचं नाव कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून नाव न लिहिलेली पाकिटं मागितली. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांवर फोन उभा केला. आवाज नको म्हणून पंखा बंद, मी घामाने निथळतोय, आणि आमची ही दिग्दर्शक झाल्यासारखी मला सांगतेय, "तुम्ही बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय." स्वतःच्या दुकानात मी अडगळ झालो.

आधी माझं जुनं पाकीट, मग नवं. मग आईचे हात, चित्रावर बोट ठेवणारे, गोळी काढून घेणारे. त्यावर मोजपट्टीचा आवाज: अशा कामाला साधारण चार ते बारा हजार, चित्रं किती आणि कुठे वापरायची त्यावर, त्यात दोनदा बदल करून मिळतील आणि छपाईची फाइल मिळेल. पाहिजे असेल तर काय काम आहे, कशावर छापायचंय आणि कधी हवंय, एवढं लिहून खालच्या नंबरवर पाठवा. संपलं. एक मिनिटही नाही. मला आवडलं, पण मी "ठीक आहे" म्हणालो, कारण मी तसंच म्हणतो.

सोमवारी मोजपट्टीने व्हिडिओ ॲपवर टाकला. मंगळवारी दुकानाच्या फोनवर एक गृहस्थ, "तुमच्या पाकिटांचा भाव काय?" मी म्हटलं, "आम्ही औषधं विकतो, पाकिटं फुकट देतो." त्याने ठेवून दिला. बुधवारी एक रोपवाटिकावाली बाई, "रोपांच्या पिशव्यांवर पाणी कधी घालायचं त्याची चित्रं हवीत." मी तिला म्हटलं, "बाई, इथे ताप-सर्दीचं बघतात." गुरुवारी आणखी दोन आले तेव्हा माझा पारा चढला.

"आज सगळ्या गावाला माझाच नंबर सापडलाय," मी फोन आपटून म्हणालो.

आमची ही औषधांच्या बाटल्या पुसत होती. तिने फडकं ठेवलं. "तुम्ही तो व्हिडिओ फोनवर बघितलात का?"

"माझ्या नाकासमोर काढलाय. पुन्हा काय बघायचा?"

तिने लावला. पाकीट आलं, स्वच्छ, जवळून, आणि त्याच्या मधोमध छापलेला, घरपोच औषधांसाठीचा माझ्या दुकानाचा नंबर, आंधळ्यालाही दिसावा इतका ठळक. मग शेवट आला. मोजपट्टीचा नंबर जिथे असायला हवा, तिथे त्या ॲपने स्वतःची अक्षरं पसरली होती: तिच्या खात्याचं नाव, खाली चार ओळी मजकूर. त्या मजकुराच्या मागे काहीतरी बारीक, करडं डोकावत होतं. मजकुरात तिने लिहिलं होतं, "संपर्कासाठी व्हिडिओतला नंबर पाहा." लोकांनी पाहिला होता. माझा.

"अहो, गिऱ्हाइकं हाकललीत तुम्ही तिची," ही म्हणाली.

मी जिन्याखालून अशी हाक मारली, की समोरचा शिंपी बाहेर आला. मोजपट्टी खाली आली. चेहरा उतरलेला, हातात फोन. कंपनीला "येते" असं लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. "दोन दिवस आधीच कळवून टाकते दादा. कुणीही विचारलं नाही. आता वाट कशाची बघायची?"

हिने तिला व्हिडिओ दाखवला. मोजपट्टी काउंटरला टेकली.

"दहा वर्षं छापखान्यात काढली," ती हळू म्हणाली. "पत्ता, नंबर, सगळं पानाच्या तळाशी, कडेपासून बोटभर आत. हात आपोआप तिकडेच जातो. मी कॉम्प्युटरवर तपासलं, तिथे दिसत होतं सगळं. फोनवर तळ आपला नसतो, हे माहीत असून विसरले." आणि ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. आईही आतल्या खोलीतून येऊन उभी राहिली.

मी फोनमधले आलेले नंबर काढून द्यायला लागलो. जन्मात पहिल्यांदा मी हाकललेल्या गिऱ्हाइकाला परत बोलावत होतो. रोपवाटिकेची बाई मला बरंच बोलली. मी ऐकून घेतलं आणि फोन मोजपट्टीला दिला. बाईंनी पिशवीचा फोटो पाठवते म्हणून सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. एक बाई होत्या, वृद्धांचं दिवसभराचं केंद्र चालवणाऱ्या. मी या वेळी असा गोड बोललो, की हिने वळून पाहिलं. मोजपट्टीने फोन घेतला. बाईंना औषधांच्या डब्यांसाठी, दारांसाठी, नळांसाठी चित्रं हवी होती. मोजपट्टीने भाव सांगितला, बदल सांगितले. मग फोन कानापासून दूर धरून ती म्हणाली, "त्या म्हणतायत, व्हिडिओत असं सगळेच दाखवतात. त्या आजी खरंच स्वतःच्या स्वतः घेतात का, हे त्यांनाच विचारायचंय."

आई फोनवर बोलायला लागली की गुडघेदुखीपासून सुरू करते. पण फोन तिच्या हातात गेला.

"हो, मीच ती," आई म्हणाली. "नाही, वाचता येत नाही. कुणी शिकवलंच नाही. … हो, माझी मी घेते. … अहो, माझा मुलगाच औषधवाला आहे. त्याला विचारायची ना. पण विचारायचं म्हणजे त्याचं तोंड बघायचं, मोकळा आहे का, चिडलाय का. लहानपणी वडिलांना विचारायचं, मग नवऱ्याला, मग मुलाला. ही पोरगी खाली बसून मला विचारत होती, आजी, तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मला असं कुणी विचारलं नव्हतं. आता मी कुणाला विचारत नाही. घ्या तिच्याकडून, चांगली आहे."

आणि तिने फोन परत दिला, जणू भाजीवाल्याशीच बोलली होती.

केंद्राच्या बाईंनी काम दिलं. निम्मे पैसे आधी पाठवते म्हणाल्या. मोजपट्टीने फोन ठेवला, स्वतःचा काढला, कंपनीला लिहिलेलं पुसलं आणि तिथेच उभं राहून त्यांना कळवलं की मी येऊ शकत नाही. मग तिने आईचे दोन्ही हात धरले. "आजी, तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कसले?" आई म्हणाली. "माझ्याकडे काही नव्हतं द्यायला, म्हणून खरं सांगितलं."

मोजपट्टी वर गेली, व्हिडिओ दुरुस्त करायला. आता तिचा नंबर मधोमध येणार होता आणि माझा झाकला जाणार होता. मी जिन्यापर्यंत गेलो. मला हे शब्द येत नाहीत, जिभेला सवय नाही. पण आईचं ते तोंड बघण्याचं ऐकल्यावर या बाईला सांगितल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

"ऐक," मी खालून म्हणालो. "माझी आई मला विचारायला यायची, तेव्हा मला वाटायचं, मी तिच्यासाठी किती करतोय. तिला माझं तोंड बघण्यातून तू सोडवलंस. मी तुझा आभारी आहे."

ती जिन्यात थांबली. मान हलवून ती वर गेली, आणि मी काउंटरमागे येऊन उभा राहिलो, गिऱ्हाईक थांबलं होतं.