टीव्हीचा पिन आणि भिंतीकडं तोंड

आमच्या कराडकडच्या घरातल्या टीव्हीच्या खात्याला यांचं कार्ड जोडलेलं होतं. हे फौजेतून सुट्टीवर आले होते, तेव्हा पोरांनी रिमोटचं बटण दाबून एक सिनेमा भाड्यानं घेतला आणि बँकेचा मेसेज यांच्या फोनवर आला. हे लगेच टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि खरेदीला पिन लावायला बसले.

"सगळ्यांनी भिंतीकडं तोंडं करा," म्हणाले. पोरं वळली. मी तशीच उभी राहिले, तर म्हणाले, "तूबी."

मी वळले. हे सीमेवर असताना ऊसतोडीच्या मुकादमाशी मी भांडायचं, सासूबाईंना दवाखान्यात मी न्यायचं, आणि चार आकड्यांपुरती मी पोर! धाकट्या दिराला मात्र यांनी कानात पिन सांगितला. "घरात एका मोठ्या माणसाला ठावं असावं." त्या मोठ्या माणसाचं पाकीट रोज सकाळी मी शोधून देते.

हे ड्युटीवर परतल्यावर एका दुपारी मला एक सिनेमा बघावासा वाटला. टीव्हीनं पिन मागितला. मी रिमोट खाली ठेवला. थोरल्या लेकीनं तो उचलून आकडे टाकले आणि सिनेमा सुरू झाला.

"तुला कसा कळला गं?"

"आपल्या ट्रॅक्टरला, बुलेटला, गाडीला एकच नंबर हाय की. पप्पा दुसरा कुठला टाकणार?" मग माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "आई, तुला मागनंबी सांगितला न्हाई व्हय?"