बेबीताईची सोन्याची पिन

बेबीताईले राग येवो का आनंद होवो, ती भांडे घासते. साखरखेर्ड्यात तिच्या गल्लीत हे सगळ्याइले माहीत आहे. तिच्या घरच्या पितळी परातीवर सासऱ्याचं नाव कोरलेलं होतं, पुंजाजी. घासून घासून आता नुसतं 'जाजी' राह्यलं. पाव्हणे इचारतात हे जाजी कोण, तर ती म्हणते, "सासरे होते. निम्मे शिल्लक आहेत."

दुसरा माहीत आहे तो तिचा गळा. दिवसभर लोकाच्या वावरात निंदन करन, आन् संध्याकाळी बुद्धाच्या इहारात माइक धरन तर बसलेले लोकं बोलणं बंद करतात. तिची गायची एक ढब आहे. एका हातात माइक, दुसऱ्या हातात वायर. वरच्या सुराले गेली की एक पाय मागं, हात वर, वायर ताणलेली. ही ढब तिले कोणी शिकवली नाही आन् कोणी सोडवूही शकलं नाही.

साउंड संघपालचा. एक अॅम्प्लिफायर, दोन बॉक्स, टमटम आन् लवकर तापणारं डोकं. एका लग्नात नवरदेवाचा मामा म्हणाला, "म्हातारीले बसवा खाली, डीजे लावा." संघपालनं बॉक्स उचलले, टमटममधी टाकले आन् बेबीताईले घेऊन निघून आला. वरात बिनागाण्याची निघाली. त्या घरचं काम त्याले पुन्हा भेटलं नाही, आन् त्यानं मागितलंबी नाही.

महिला मंडळानं बेबीताईले तिचा सोताचा माइक दिला, तेव्हा वायर संघपालनंच आणली होती, देऊळगाव राजाच्या रवीच्या दुकानातून. दोन्ही टोकाले सोन्याचं पाणी दिलेल्या पिना. संघपालच्या सगळ्या वायरी साध्या, पांढऱ्या निकेलच्या पिनीच्या. बेबीताईनं ती पिवळी पिन उन्हात धरली आन् म्हणाली, "माह्या कानात नाही एवढं सोनं."

तवापासून ती वायर कोणाच्या हातात देत नसे. कापडाच्या पिशवीत आणायची, अॅम्प्लिफायरमधी सोता खुपसायची, कार्यक्रम झाला की सोता काढून घरी न्यायची.

मागच्या हिवाळ्यात खरखर सुरू झाली. वरच्या सुराले गेली की आवाज फाटायचा. खालच्या सुरात काही नाही, वर गेली की खर्र. संघपालनं बॉक्सच्या वायरी बदलल्या, अॅम्प्लिफायरचं भोक बदलून पाह्यलं. काही फरक नाही. मंग त्यानं शोधणं सोडलं. त्यालेबी मनातून वाटून राह्यलं होतं, की ताईचं वय झालं.

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो इहारात बॉक्स मांडत होता. बेबीताई आली आन् पिशवी त्याच्या पुढं ठेवली.

"उद्या मंडळातल्या महामायाले गाऊ दे. हे तिले दे."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुले कान नाहीत का बे? गळा गेला माहा. लोकं तोंडावर बोलत नाहीत, पण मुंड्या खाली घालतात. त्याच्यापेक्षा मीच बसतो खाली."

"लोकाइच्या मुंड्या मी वर करतो, थांबा."

"मारामारीनं सूर येते का रे?" म्हणाली आन् घरी गेली. थोड्या वेळानं तिकडून भांडे घासायचा आवाज आला. म्हणजे ठरलं होतं.

संघपालनं पिशवी उघडली. ताईले दिल्यापासून ती वायर त्यानं पहिल्यांदाच हातात धरली. जोडली, आवाज वाढवला. इहारात कोणी नाही. माइक सतरंजीवर पडलेला. त्यानं नुसती वायर जराशी ताणली.

खर्र.

पुन्हा ताणली. खर्र. गळा घरी भांडे घासत होता आन् खरखर इथं.

त्यानं अॅम्प्लिफायरमधली पिन काढून पाह्यली. पिवळा रंग फक्त मुळाशी उरलेला. शेंड्याले लालसर-काळे डाग.

गाडीले किक मारली ते थेट रवीच्या दुकानात. पिन काउंटरवर आदळली.

"नकली सोनं इकतो का बे? आमच्या ताईले फसवतो?"

रवीनं चष्मा लावला, पिन फिरवली, नखानं खाचेतून पांढरं पीठ काढलं आन् वास घेतला.

"दंतमंजन आहे."

"काय?"

"लवंगवालं. संघपाल, ही पिन कोणी घासते का?"

संघपालच्या डोळ्यापुढं परात आली. तो काउंटरपुढच्या स्टुलावर बसला.

"सोनं खरंच होतं," रवी म्हणाला. "पण पाणी म्हणजे किती? कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्याच्या खाली निकेल, निकेलखाली पितळ. मंजनानं घासून ती पितळापर्यंत गेली. पितळ काळं पडते, वरून मंजन फसलेलं. माइकचा करंट लय बारीक राह्यते, तिथं एवढंसं मधात आलं तरी खरखर. वायर हलली की जास्त."

"मंग दुसरी सोन्याचीच दे. चांगल्या आवाजाची."

"आवाजाचा काय संबंध? नवी सोन्याची आन् नवी निकेलची लाव, तुले काय, कोणालेच फरक कळणार नाही. सोन्याचं एकच आहे, त्याले गंज चढत नाही. टीव्हीच्या मागं एकदा लावली आन् वर्षानुवर्षं हात नाही लावला, ओल आहे, तिथं सोनं बरं. तिथंबी चित्र काही जास्त उजळत नाही. तुमचं रोजचं काढणं-घालणं. त्याले निकेल कडक. वरून जरा मळलं तरी घालता-काढता घासून साफ होते."

"हे तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तू म्हणाला, सगळ्यात भारी दे. इचारलं कुठं?"

संघपालनं रवीले एक शिवी दिली आन् रवीनं निकेलच्या पिनांची दुसरी वायर झाळून दिली.

परत आला तर बेबीताई अंगणात कढई घेऊन बसलेली. संघपालले गोड बोलता येत नाही.

"ताई, तुमचा गळा गेला नाही. तुमी पिन घासून खाल्ली."

"काय खाल्लं?"

"सोनं. मंजनानं. खालचं पितळ उघडं पडलं, ते खरखर करते. तुमी हात वर करता, वायर ताणते, आन् नेमकी वरच्या सुराले खर्र."

बेबीताईचा हात कढईवर थांबला. "सोनं आहे म्हणून घासलं रे मी. कानातले नाही का घासत? दर कार्यक्रमाच्या आधी घासलं, की बाया म्हणाव्या, बेबीची पिन कशी चमकते."

"तुमच्या कानातल्यातून आवाज जात नाही, ताई."

ती उठली, हात धुतले आन् पदर डोक्यावर घेतला. "चाल. दाखव. खोटं निघालं तर महामायाच गाईन."

इहारात त्यानं जुनी वायर लावून ताणून दाखवली. खर्र. मंग नवी, पांढऱ्या पिनीची लावली, ताणली. काही नाही. ती बॉक्सकडं पाहत राह्यली. माइक घेतला, वायर हातात धरली आन् डोळे मिटून गाणं उचललं. वरचा सूर आला. पाय मागं, हात वर, वायर ताणलेली.

आवाज सरळ गेला. खरखर नाही. पण अगदी टोकाले जाऊन सूर जरासा हालला, जसा दिवा हालते, आन् पुन्हा जागेवर आला.

संघपाल पटकन अॅम्प्लिफायरकडं वळला.

"राहू दे," बेबीताई म्हणाली. "तिले हात लावू नको. हे पिनीचं नव्हतं. हे माहं होतं."

"जरासंच होतं, ताई."

"हाव. जरासंच." तिनं हिशेब केल्यासारखी मान हालवली. "एवढं तर महामायाचंबी हालते. तिले म्हणा, मागं बसून साथ दे. उद्या मीच गातो."

मंग तिनं वायरीची घडी केली, पिन पदरानं पुसायले घेतली, थांबली, आन् वायर संघपालच्या हातात दिली.

"तूच ठेव. माह्या घरी काही टिकत नाही."