ड्रोन सरळ परत येतो

सख्ख्या भावाला कुऱ्हाडीनं तोडून एक जण शेतांत पळाला, तेव्हा इचोड्याकडच्या त्या गावात पोलिसांनी आम्हा जमीनमोजणीच्या ड्रोनवाल्यांना बोलावलं. चारही ड्रोन मी एकाच लॅपटॉपवरून उडवले. प्रत्येकाला वेगळा पट्टा आणि वेगळी उंची दिली, कारण संपर्क तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढून परत निघतो. उंची एकच असली, तर ते वाटेत एकमेकांवर आदळतात.

मेलेल्याचे दोन मेहुणे कुऱ्हाडी घेऊन माझ्या डोक्यावर उभे होते. शिपाई झाडाखाली बसून बघत होते.

"दिसला का सांग, नाही तर तुलेच तोडतो," थोरला मेहुणा म्हणाला.

टेकडीपलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत तो मला दिसला, रक्ताचे हात मातीनं घासताना. मेहुणे पडद्यावर दुसऱ्या ड्रोनच्या चौकटीत बघत होते. मी तो ड्रोन झपकन खाली घेतला. मध्ये टेकडी आली, संपर्क तुटला, चौकट काळी पडली.

"काऊन बंद झालं?" थोरल्यानं ठोसा मारून माझा दात पाडला.

"रेंज गेली," मी रक्त थुंकत म्हणालो. मनात म्हटलं, आता शोधा लेकहो.

टेकडीमागून तो ड्रोन वर चढला आणि होता तिथून सरळ रेषेत आमच्याकडे निघाला. थोरल्यानं त्याच्याकडं बोट केलं. मी तो वळवेपर्यंत दोघं त्याच रेषेत धावत सुटले.

टेकडीमागून किंकाळी आली. शिपाई तेव्हा उठले.