औषध गेलं कुठं?

अमरावतीच्या तोंडी परीक्षेत मला शून्य मिळालं. त्या शून्याचा राग मी आयुष्यभर धरला आणि अजूनही पुरता सोडलेला नाही. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अकोल्याला जठारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दहा वर्षं हातानं मिक्श्चरं बनवली होती, पण औषधविक्रेता म्हणून नाव नोंदवायचं तर परीक्षा पास व्हावी लागे. दिवसभर दवाखान्यात उभं राहायचं आणि घरी आल्यावर पुस्तक उघडायचं, असं मी वर्षभर केलं. शिकवायला कोणी नव्हतं. जे कळलं ते माझं मला कळलं, आणि जे चुकीचं कळलं तेही माझं मलाच.

तोंडी परीक्षेचे परीक्षक पुण्याकडचे होते. त्यांनी विचारलं, "मॉर्फिन सुईनं दिलं तर मात्रा कमी लागते आणि तोंडावाटे दिलं तर जास्त. साधारण किती?"

"तिप्पट धरून चाला," मी म्हणालो. "कोनाले जास्तही लागते."

"बरोबर. का लागते?"

"तोंडानं दिलं का सगळं रक्तात उतरत नाही, साहेब. उरलेलं शौचावाटे निघून जाते."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, मॉर्फिन आतड्यातून चांगलं शोषलं जातं. शौचात फारसं काही सापडत नाही. मग बाकीचं औषध गेलं कुठं?"

ते वाट बघत होते. उत्तर येत नाही हे दिसल्यावर त्यांनी कागदावर शून्य काढलं. समोर बसून उलटं दिसत असूनही ते मला कळलं.

"शून्य कसं?" मी म्हणालो. "आकडा तर बरोबर सांगितला ना? अर्धे तरी द्या."

"ही काय भाजीमंडी आहे?"

"भाजीमंडीत बी अर्ध्या मालाचे पैसे देतात. तुमी तर पुरा माल ठेवून घेतला न् हात हालवत धाडून राहिले!"

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण माझा हात टेबलावर आपटला, शाईची दौत कलंडली आणि शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी नापास झालो. अकोल्याला परत येताना गाडीत एकच गोष्ट घोकत होतो: आकडा बरोबर होता. पुढचे आठ-नऊ महिने भेटेल त्याला हेच सांगत सुटलो. शेवटी आमचे डॉक्टर म्हणाले, "आता पुरे कर बाबा. पेशंट ताप सांगायला येतात आणि तुझी परीक्षा ऐकून जातात."

मग एका सोमवारी सकाळी डॉक्टरांना तार आली. चांदूर रेल्वेजवळच्या गावी त्यांचे वडील वारले होते. ते निघायच्या घाईत होते. डोळे लाल झालेले, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. मला म्हणाले, "गार्डसाहेबांचं काय करायचं रे?"

गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे. खुब्याच्या हाडात गाठ झाली होती. बरं होण्याची आशा नव्हती, हे त्यांना आणि घरच्यांना ठाऊक होतं. डॉक्टर रोज दोनदा स्वतः जाऊन त्यांना मॉर्फिनची सुई देत, ग्रेन या तेव्हाच्या वजनी मापाचा सहावा भाग. मी त्या घरी कधी गेलो नव्हतो. पण त्यांची मुलगी बिलासपूरहून गुरुवारी दुपारच्या गाडीनं येणार आहे, हे आम्हा दोघांना माहीत होतं. म्हाताऱ्यानं डॉक्टरांना बजावून ठेवलं होतं: "गुरुवारी मले शुद्धीवर ठेवजा. मले तिच्यासंग बोलाचं हाय. ओरडत बी नाही, घोरत बी नाही. बोलाचं हाय."

अडचण अशी की सुईच्या कुप्या रविवारीच संपल्या होत्या. परवान्याचा नवा माल आला नव्हता. कुलुपाच्या कपाटात मॉर्फिनच्या द्रावणाची बाटली तेवढी होती, म्हणजे आता तोंडावाटेच द्यायचं.

"मात्रा किती करू?" डॉक्टरांनी विचारलं. मलाच विचारलं! माझी छाती फुगली.

"तिप्पट. अर्धा ग्रेन. दिवसातून दोनदा."

त्यांनी कागदावर तसंच लिहिलं, सही केली आणि टांगा गाठला. माझ्या आकड्याखाली डॉक्टरची सही होती. अमरावतीच्या त्या माणसाला हा कागद दाखवावा, असं मला वाटलं. मी द्रावण मोजलं आणि पाण्यात मिसळून अशी बाटली केली की एका चमच्यात अर्धा ग्रेन येईल. मग सायकल काढली.

घरात शिरलो तेव्हा गार्डसाहेब भिंतीकडे तोंड करून कण्हत होते. कालची शेवटची सुई उतरून बराच वेळ झाला होता. त्यांची बायको उशाशी बसून होती.

"कंपाउंडरभाऊ, लय वेळ लावला जी," त्या म्हणाल्या. "द्या लवकर."

मी चमचा धुऊन घेतला. त्यांना टेकवून बसवण्यासाठी आम्ही दोघांनी हात लावला, तसं अंगावरचं पांघरूण सरकलं. हातपाय काड्यांसारखे, आणि पोट मात्र मडक्यासारखं तटतटलेलं. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं.

"पोट कधीपासून असं?"

"दोन वर्स झाले. मोठ्या दवाखान्यात दोनदा पाणी काढलं. काळीज दगड झालं म्हणे. जवानीत लय पेत होते ना." वऱ्हाडात यकृतालाही काळीजच म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं मला कळलं.

"सुई किती वेळ पुरत होती?"

"सकाळची सुई पार दुपार टळेपर्यंत. डोळे बी उघडत नव्हते कधी कधी."

ती सुई साधारण चार-पाच तास पुरते. इथं ती दुप्पट पुरत होती. म्हणजे औषध रक्तातून हटायला वेळ लागत होता. हटवणारा कोण? यकृत. मी चमचा बाटलीजवळ तसाच धरून उभा राहिलो, आणि अमरावतीच्या परीक्षकाचा प्रश्न पहिल्यांदा मी प्रश्न म्हणून ऐकला. बाकीचं औषध गेलं कुठं?

पुस्तकात ते चित्र होतं. आतड्यातून निघालेलं रक्त एका मोठ्या शिरेनं आधी यकृतात जातं आणि तिथून पुढं सगळ्या अंगात. मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं होतं, त्यात रंगही भरला होता, पण त्याचा मॉर्फिनशी संबंध जोडला नव्हता. लहानपणी मी गाडीवानाबरोबर भाजी घेऊन शहरात येत असे. जकात नाक्यावर नाकेदार प्रत्येक गाडीतून आपला वाटा काढून घेई. तिप्पट मात्रा का? कारण यकृताच्या नाक्यावर दोन वाटे मोडले जातात आणि एक वाटा बाजारात पोचतो. सुई नाका टाळून जाते, म्हणून तिला थोडंच पुरतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचंही तेच. तिथलं रक्त यकृताकडे न जाता सरळ हृदयाकडे वळतं.

आणि ज्या गावात नाकेदारच मरून पडला आहे, तिथं तीन वाटे घेऊन निघालं तर तिन्ही बाजारात पोचणार. माझं उत्तर खरं असतं, म्हणजे औषध शौचावाटे जात असतं, तर यकृत चांगलं असो की वाईट, काही फरक पडला नसता. अर्धा ग्रेन बिनधोक देता आला असता. पण परीक्षकाचं खरं असेल तर या चमच्यात नेहमीच्या तीन सुया एकदम होत्या. गुरुवार उजाडला नसता.

"कावून थांबले?" बाई म्हणाल्या.

"मात्रा जास्त झाली."

"डॉक्टरनं लिहून देल्ली ना?"

"मी सांगितली म्हणून लिहिली."

हे वाक्य मला जड गेलं. म्हातारे पुन्हा भिंतीकडे वळत बोलले, "अबे, सौदा नंतर कर. आंधी औषध दे. मले फाडून राहिलं हे."

डॉक्टर गाडीत बसले होते, विचारायला कोणी नव्हतं. मात्रा बदलण्याचा अधिकार मला नव्हता, कमी करण्याचाही नाही. पण जास्त दिलेलं परत काढता येत नाही आणि कमी पडलं तर वर घालता येतं, एवढा व्यवहार मला कळत होता. चमच्याचा तिसरा हिस्सा म्हणजे सुईइतकं झालं असतं. मी त्याच्याही निम्मं दिलं आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलो.

पहिली वीस मिनिटं त्यांनी मला शिव्या दिल्या. "कंजूस! किराणा दुकानात बी वरून चिमूटभर घालतात." मॉर्फिन जास्त झालं की श्वास मंदावतो, म्हणून मी श्वास मोजत होतो. मिनिटाला वीस. माझ्या आयुष्यात शिवी ऐकून गप्प बसण्याचे प्रसंग फार नाहीत. तासाभरानं कण्हणं ओसरलं, पण हलले की ओरडत. श्वास अठरा. तेव्हा मी त्या तिसऱ्या हिश्श्यातलं राहिलेलं निम्मं दिलं. आणखी तासाभरानं ते पाठीवर वळले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "आता ठीक हाय. तू जेवला का नाही बे?" श्वास पंधरा, हाक मारली की ओ देत होते. संध्याकाळचा डोस मी स्वतः येऊन तपासल्याशिवाय देऊ नका, असं बाईंना सांगितलं. ती बाटली मी परत नेली आणि पातळ करून नवी केली, म्हणजे चुकून पूर्ण चमचा गेला तरी तो सुईपेक्षा जास्त होऊ नये.

तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ गेलो. बुधवारी ते जास्त गुंगलेले वाटले म्हणून संध्याकाळचं अर्धं केलं. रात्री थोडं दुखलं, पण ते म्हणाले चालेल.

गुरुवारी दुपारी मी गेलो तेव्हा मुलगी आली होती. गार्डसाहेब लोडाला टेकून बसले होते आणि तिच्याशी भांडत होते. बिलासपूरचं घर जावयानं कर्ज काढून कावून घेतलं, हा मुद्दा होता. मुलगी रडत होती, हसत होती आणि उत्तरं देत होती. मी दारातून वळलो. तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"ये बे कंजूस," ते म्हणाले. "हा पाहा, थेंब थेंब मोजते. पण मले जागं ठेवलं यानं."

शुक्रवारी डॉक्टर परतले. मी तो कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या सहीवर बोट ठेवलं. "पोट मी रोज बघत होतो रे," एवढंच म्हणाले. मग मात्रा खोडून नवी लिहिली. "हे तुला कुठं सुचलं?"

"अमरावतीले विचारलं होतं," मी म्हणालो.

"मग तिथं का नापास झालास?"

"उत्तर चुकलं होतं."

नऊ महिन्यांत हे मी पहिल्यांदा तोंडातून काढलं. तरी माझं भांडण मिटलेलं नाही. त्या साहेबांनी शून्य दिलं, ते रास्त होतं. पण शून्याबरोबर एक वाक्य दिलं असतं, "यकृतात मोडतं," एवढंच, तर म्हाताऱ्याचं यकृत कसं आहे हे विचारल्याशिवाय मी तो अर्धा ग्रेन कागदावर चढवलाच नसता. उत्तर त्यांच्याजवळ होतं. चुकणाऱ्याला ते सांगायला काय जात होतं? गार्डसाहेब पुढं अठरा दिवस जगले. मुलगी शेवटपर्यंत थांबली होती.