सॉरीबाईंची मेल

प्रुफं तपासणाऱ्या या बाईला घरचे सॉरीबाई म्हणायचे. पाय दुसऱ्याने दिला तरी माफी हिनेच मागायची! अकरा वर्षं एकाच प्रकाशनाचं काम घरी बसून केलं, पानाला वीसच्या दराने. दर वाढवून मागायचा म्हटलं की हिच्या तोंडाला कुलूप. दोन वर्षांपूर्वी फी झेपेना म्हणून मुलीने कॉलेज सोडलं आणि कपड्यांच्या दुकानात कामाला उभी राहिली. तिला परत कॉलेजात घालायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी बाईंनी शेवटी मेल लिहायला घेतली.

थोरली बहीण चाळीस वर्षं कचेरीत पत्रं लिहून निवृत्त झालेली. तिने मसुदा वाचला आणि कपाळावर हात मारला.

"'त्रास देते, क्षमस्व. शक्य असेल तरच. नाही जमलं तरी राग नाही.' अगं, पगारवाढ मागतेयस की उसनी साखर? लोकांच्या पुस्तकातली फालतू वाक्यं खटाखट कापतेस, स्वतःची कापायला काय होतं?"

"ताई, काम गेलं तर?"

"आता तरी काय मोठं राहिलंय? सरक."

दोघींनी मिळून नवी मेल लिहिली. 'सप्रेम नमस्कार. अकरा वर्षं मी आपली पुस्तकं तपासते आहे. दोन वाचनांखेरीज आता सूची आणि संदर्भही मीच पडताळते. पुढच्या पुस्तकापासून माझा दर पानाला अठ्ठावीस राहील. हातातलं पुस्तक जुन्याच दराने पूर्ण करीन. या आठवड्यात कळवलंत तर पुढचं वेळापत्रक ठरवता येईल.' शेवटी बाईंनी हळूच 'क्षमस्व' टाकला. ताईने तो खोडला आणि स्वतःच बटण दाबलं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. संपादकांनी लिहिलं होतं, 'आनंदाने मान्य. खरं तर बाकीच्यांना पाच वर्षांपासून आम्ही तीस देतो, तुम्हालाही तीसच करू. तुम्ही कधी बोलला नाहीत, आम्हाला वाटलं तुमचं जमतंय.'

ताई म्हणाली, "बघ! उगाच जीव खालीवर."

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. पाच वर्षं. म्हणजे मुलीने कॉलेज सोडलं तेव्हाही तीस मिळत होते, फक्त मागायचे होते. त्यांना स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी मुलगी दुकानातून आली, सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून बसली. आईचा चेहरा बघून म्हणाली, "मेलला नाही म्हणाले का गं?"

"हो म्हणाले. लगेच. तू आता परत कॉलेजला जा."

मुलगी थकलेलं हसली. "आई, माझ्या वर्गातल्या पोरी यंदा पास होऊन बाहेर पडल्या. आता त्या लहान मुलांत कुठे जाऊन बसू? राहू दे."

"अगं, पण पैसे आहेत आता."

"तेव्हा हवे होते गं," ती म्हणाली आणि पाय चेपू लागली.