दोन्ही पत्रं वाचणारी बाई

बँकेत तिला सगळे अडसर म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. कर्ज मंजूर झालं की मंजुरीपत्र तिच्या टेबलावर येई, आणि त्यात मागितलेला एकूण एक कागद हातात पडेपर्यंत ती पैसे सोडू देत नसे. जीभ तिखट, भीडभाड कुणाचीच नाही. मारकुट्या बापाच्या घरात वाढलेली बाई ती. चढ्या आवाजाला दचकायचं तिने फ्रॉकच्या वयातच सोडून दिलं होतं.

मंजुरीपत्राच्या शेवटी पूर्वअटींची यादी असते, म्हणजे पैसे सोडण्याआधी काय काय यायला हवं त्याची. बाकीचे लोक ती यादी समोर धरतात, टिका मारतात आणि चहाला जातात. अडसर पत्र पहिल्या ओळीपासून वाचायची. एखादी अट मध्येच तारणाच्या परिच्छेदात बसलेली असते आणि यादी करणाऱ्याने ती यादीत उतरवलेलीच नसते. पत्र सुधारून आलं असेल तर मग विचारूच नका. जुनं आणि नवं शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघायची.

त्या दिवशी पाइपांच्या कारखान्याची फाइल होती. कारखानदाराला सगळे शेठ म्हणत. राहतं घर तारण होतं, आणि घरावर शेठच्या जोडीला त्याच्या धाकट्या बहिणीचंही नाव होतं. नव्या मशीनचे पैसे संध्याकाळपर्यंत गेले नाहीत तर सौदा मोडणार होता, म्हणून शेठ सकाळपासून मॅनेजरच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसला होता.

"सगळं आलंय," मॅनेजर फाइल पुढे सरकवत म्हणाला. "वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, विमा, घराचं मूळ खरेदीखत, बहिणीच्या सहीचं जामीनपत्र. यादीतलं काही म्हणजे काही बाकी नाही. आता नाट लावू नका."

"यादी कुठल्या पत्राची?"

"कुठल्या म्हणजे? मंजुरीपत्राची."

"पहिल्या. मध्ये रक्कम वाढवून मागितली तेव्हा दुसरं पत्र आलं, ते वाचलंत का?"

मॅनेजरने वाचलं नव्हतं. रक्कम तेवढी बदलली असेल असं धरून त्याने जुन्याच यादीवर टिका मारल्या होत्या. अडसरने दुसरं पत्र उघडून तारणाच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. कारखान्यात भागीदार नसलेल्या, पण घराच्या सहमालक बहिणीने जामीनपत्रावर आणि तारणाच्या कागदांवर शाखेत येऊन अधिकाऱ्यासमक्ष सही करावी, त्याआधी रक्कम सोडू नये. स्वच्छ लिहिलं होतं. शेठने आणलेले कागद बाहेरूनच सह्या होऊन आलेले होते.

शेठ उठला. त्याने अडसरचं मनगट धरून असं पिरगाळलं, की तिचा खांदा टेबलावर आपटला आणि बांगडी फुटून काच हातात घुसली. "पैसे सोड," तो तिच्या कानात म्हणाला. मॅनेजर "शेठ, शेठ" करत मध्ये पडला तेव्हा कुठे त्याने हात सोडला. पत्रावर रक्ताचे थेंब पडले होते.

"एवढी एक अट माफ करून टाकू," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "सही नंतर घेऊ."

"तुम्ही कोण माफ करणारे?" अडसर रुमालाने हात बांधत म्हणाली. "अट कर्ज मंजूर करणाऱ्या समितीने घातली, सूट समितीच देईल. मागा लेखी. आणि पोलिसांनाही बोलवा."

मॅनेजरने पोलिसांना बोलावलं नाही. मोठा ग्राहक होता ना. समितीला मात्र त्याने लिहिलं, आणि समितीचं उत्तर आलं की सूट नाही, बाईंना समोर बसवून सही घ्या.

"समक्षच पाहिजे ना?" शेठ म्हणाला. "आणतो."

तो गेला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बहिणीला घेऊन आला. तिने डोक्यावरून ओढणी घेतली होती, एक डोळा सुजून मिटला होता आणि उजवा हात ओढणीखाली पोटाशी धरला होता. "जिन्यावरून पडली," शेठ म्हणाला, कुणी विचारलं नसताना. अडसरने तिच्याकडे एकदा बघितलं. जिना कुठे कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे तिला आईच्या अंगावरून पाठ होतं.

आता सगळं रीतसर होतं. बाई शाखेत हजर, अधिकारी समोर, पेन तयार. मॅनेजरने सुटकेचा श्वास टाकून कोरे कागद काढले.

"शेठ, तुम्ही बाहेर बसा," अडसर म्हणाली. "कशावर सही करताय हे मला यांना एकटीला समजावून सांगायचंय."

"इथेच सांग."

तिने तिथेच सांगितलं. "ताई, कारखान्याचे हप्ते थकले तर बँक तुमचं घर विकू शकते. हे तुम्हाला मान्य आहे का? आधीची सही तुमचीच ना?"

धाकटीने ओढणीखालून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. दोन बोटं काळीनिळी होऊन भलतीकडे वळली होती. "माझी नाही," ती म्हणाली. "मी आधी नाही म्हटलं, आत्ता घरीही नाही म्हटलं."

शेठने तिची मान धरून तोंड टेबलावर आदळलं. एकदा, मग पुन्हा. दात तुटल्याचा आवाज आला. अडसरच्या हाताशी कागदांना भोकं पाडायचं जड लोखंडी मशीन होतं. तिने ते उचललं आणि त्याच्या कानशिलावर हाणलं, जीव खाऊन हाणलं. तो कोलमडला, उठला आणि त्याने तिचा गळा धरला. रखवालदाराने काठी त्याच्या गुडघ्यावर घालेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काळोख झाला होता. मॅनेजरला धोक्याची घंटा तेव्हा सापडली. पोलीस आले, त्यांनी शेठला फरफटत नेलं. फाइल कपाटात गेली, पैसे सुटले नाहीत.

दवाखान्यात धाकटीच्या बोटांना प्लॅस्टर घातलं, ओठाला टाके पडले. अडसर शेजारी बसून होती. गळ्यावर शेठच्या पंजाचे वळ होते आणि थुंकी गिळतानाही दुखत होतं.

"तुम्ही तशीच टिक मारली असती तर आज मार वाचला असता माझा," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"हो," अडसर म्हणाली. खोटं काय बोलायचं? ती अट वाचून दाखवताना घरी काय होईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. कागद पुरा करण्याच्या नादात तिने एका बाईला मारकुट्या भावाच्या हातून मागवून घेतलं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"घर गहाण पडलं का?"

"नाही. तुमच्या सहीशिवाय पडणार नाही. तुमचा हिस्सा तुमचाच आहे."

धाकटी पलंगावरून पाय खाली सोडून चपला शोधू लागली.

"कुठे निघालात?"

"घरी."

"अहो, तो उद्या सुटून येईल."

"म्हणून तर आज जायचंय," धाकटी म्हणाली. "कुलूप बदलून घ्यायचंय, आणि मला या हाताने जमणार नाही."

अडसरने तिच्या पायात चपला घातल्या आणि दोघी निघाल्या.